जर्मन गोळीसोबतचा कागद

जर्मनीत औषधाच्या दुकानातून गोळ्या घेतल्या की अख्खे खोके हातात येते. आपल्याकडे केमिस्ट कात्रीने पट्टी कापून चार गोळ्या देतो, तसे तिथे होत नाही. खोक्यात पट्टीबरोबर घड्या घातलेला एक लांबलचक कागद असतो, दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरांत छापलेला. जर्मन माणसे त्याला ‘पाकुंग्सबायलागे’ किंवा बोलताना ‘बायपाकत्सेटेल’ म्हणतात. तिथल्या औषधांच्या जाहिरातींच्या शेवटी घाईघाईत एक वाक्य वाचले जाते. धोके आणि दुष्परिणामांसाठी हे पत्रक वाचा आणि डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानात विचारा, असा त्याचा मतलब. ते वाक्य कायद्याने सक्तीचे आहे आणि जर्मनीतल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. तरीही पत्रक पूर्ण वाचणारे जर्मन कमीच भेटतात.

आपली माणसे मात्र ते वाचायला बसतात, कारण त्यांना दुसरा इलाज नसतो. शिकायला गेलेला मुलगा रविवारी तापाने फणफणलेला असतो आणि दुकाने बंद असतात. लेकीच्या बाळंतपणासाठी गेलेल्या आईचे गुडघे धरतात. मोबाइलवर भाषांतर करून शब्द कळतात, पण कोणत्या शब्दाला किती वजन द्यायचे ते कळत नाही. म्हणून मग एक तर सगळ्याचीच भीती वाटते, नाही तर सगळेच सोडून दिले जाते. हे पत्रक कसे रचलेले असते, हे एकदा समजले की त्यातली चार-पाच वाक्येच आपल्यासाठी असल्याचे ध्यानात येते. ती वाक्ये कुठे सापडतात ते आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅमच्या एका खोक्यावरून पाहू. अंगदुखी, डोकेदुखी आणि तापावरची ही गोळी जर्मनीत घरोघर असते. ४०० मिलिग्रॅमपर्यंतची गोळी चिठ्ठीशिवाय मिळते, ६०० आणि ८०० ची मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. कंपनीप्रमाणे पत्रकातले शब्द थोडे इकडेतिकडे होतात, त्यामुळे शेवटी खरे ते आपल्या हातातल्या खोक्यातलेच.

कागद एवढा लांब का असतो, त्याला इतिहास आहे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत ‘कॉन्टरगान’ नावाची झोपेची गोळी बाजारात आली. निर्धोक म्हणून ती चिठ्ठीशिवाय विकली जाई आणि गरोदर बायकाही ती घेत. तिच्यातल्या थॅलिडोमाइडमुळे हजारो मुले हातपाय खुरटलेली जन्मली आणि १९६१ च्या नोव्हेंबरात ती बाजारातून काढून घेतली गेली. त्यानंतर औषधांवरचे नियम कडक होत गेले. १९७६ साली नवा औषध कायदा झाला, तो १९७८ पासून लागू झाला, आणि पत्रकात काय काय असलेच पाहिजे हे आज त्याच कायद्याचे अकरावे कलम ठरवते. त्यामुळे हा कागद एकाच वेळी दोघांशी बोलतो: रोग्याशी, आणि उद्या भांडण कोर्टात गेलेच तर न्यायाधीशाशी. वाचताना आपली छाती दडपते ती बरीचशी या दुसऱ्या वाचकासाठी लिहिलेल्या मजकुराने.

आता कागद उघडू. युरोपभर या पत्रकाचा साचा एकच आहे, सहा क्रमांकांचा. पहिला भाग सांगतो हे औषध काय आहे आणि कशासाठी आहे. दुसरा, घेण्यापूर्वी काय पाहायचे. तिसरा, कसे आणि किती घ्यायचे. चौथा दुष्परिणामांचा, पाचवा साठवणुकीचा, सहावा घटकांचा. सहज कल असतो तो थेट तिसऱ्या भागाकडे, म्हणजे किती गोळ्या घ्यायच्या तिकडे, धावण्याचा. पण क्रम मुद्दाम तसा लावलेला आहे. तिसऱ्या भागातला डोस ज्यांना दुसऱ्या भागाने अडवले नाही त्यांच्यासाठीच असतो.

दुसऱ्या भागात सूचनांच्या पायऱ्या असतात, आणि भाषांतरात नेमक्या त्याच पुसल्या जातात. सर्वांत वर असते ‘डार्फ निश्त’ ही शब्दजोडी. तिचा अर्थ ‘घेताच कामा नये’. ही मनाई आहे, त्यात विचारविनिमय नाही. आयबुप्रोफेनच्या पत्रकात या मथळ्याखाली काय असते? अशा गोळीने किंवा अ‍ॅस्पिरिनने पूर्वी कधी दमा उठला असेल, अंगावर गांधी आल्या असतील तर. पोटात किंवा आतड्यात व्रण असेल किंवा वारंवार झाला असेल तर. हृदय, यकृत किंवा मूत्रपिंड गंभीरपणे निकामी झाले असेल तर. उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी फार कमी झाले असेल तर. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत. आणि वीस किलोंहून कमी वजनाच्या मुलांना. यातली एकही गोष्ट आपल्याला लागू असेल तर वाचन तिथेच थांबवायचे आणि खोके मिटून ठेवायचे.

त्याच्या खालची पायरी म्हणजे ‘घेण्यापूर्वी डॉक्टरांशी किंवा औषधविक्रेत्याशी बोला’. ही मनाई नव्हे. तुमच्या बाबतीत फायदा जास्त की धोका, हे दुसऱ्या कोणी तरी तुमची सगळी माहिती घेऊन ठरवावे, एवढाच त्याचा अर्थ. उच्च रक्तदाब, पूर्वीचा हृदयविकार, मूत्रपिंडाची कुरकुर, दमा, उतारवय या गोष्टी इथे येतात. गरोदरपणाचे पहिले महिनेही इथेच येतात, कारण तेव्हा सरसकट बंदी नसली तरी स्वतःच्या मनाने गोळी घेणे योग्य नाही. तिसरी पायरी ‘झोल्टे’ या क्रियापदाची: शक्यतो टाळावे. कांजिण्या आल्या असताना आयबुप्रोफेन टाळावे, असे पत्रक म्हणते ते याच पायरीवरून.

यानंतर येते इतर औषधांबरोबरची गाठ. परदेशी गेलेल्या आईवडिलांच्या दृष्टीने संपूर्ण कागदातला सर्वांत मोलाचा परिच्छेद हाच, आणि सर्वांत फसवाही हाच. फसवा अशासाठी, की त्यात आपल्या गोळीचे नाव सापडत नाही.

समजा, नाशिकचे एक गृहस्थ स्टुटगार्टला लेकीकडे आले आहेत. वय ६८, वजन ७२ किलो. डोंगरउताराच्या शहरात चार दिवस भरपूर चालणे झाले आणि गुडघा सुजला. लेकीच्या घरात आयबुप्रोफेन ४०० चे खोके आहे. बाबांच्या पिशवीत रोजच्या दोन गोळ्या आहेत. एक रक्तदाबाची, तिच्यात टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ मिलिग्रॅम अशी दोन औषधे एकत्र. दुसरी इकोस्प्रिन ७५, ‘रक्त पातळ राहावे म्हणून’ डॉक्टरांनी दिलेली. लेक पत्रकात इकोस्प्रिन शोधते, नाही. टेल्मिसार्टन शोधते; बहुधा तेही नाही. मग ती म्हणते, “घ्या बाबा, काही प्रॉब्लेम दिसत नाही.”

प्रॉब्लेम तिथेच छापलेला असतो, फक्त वेगळ्या नावाने. पत्रकाला भारतीय ब्रँड माहीत नसतात, ते औषधाच्या मूळ घटकाचे किंवा त्याच्या कुळाचे नाव देते. इकोस्प्रिनमधला घटक म्हणजे अ‍ॅस्पिरिन. पण जर्मनीत अ‍ॅस्पिरिन हे बायर कंपनीचे नोंदलेले व्यापारी नाव आहे, त्यामुळे त्या घटकाला तिथे त्याच्या रासायनिक नावानेच ओळखतात: असेटिलसॅलिसिलिक आम्ल. त्याचे जर्मन संक्षिप्त रूप तीन अक्षरांचे, ए-एस-एस. पत्रकात ही तीन अक्षरे दिसली की इकोस्प्रिनवाल्यांनी थांबून वाचायचे. रक्तदाबाच्या औषधांचा उल्लेख कुळाने होतो: ‘अँजिओटेन्सिन-दोन’ला रोखणारी औषधे, आणि उदाहरण दिले तर बहुधा लोसार्टनचे. टेल्मिसार्टन, ओल्मेसार्टन, लोसार्टन ही सारी त्याच कुळातली. शेवटी ‘सार्टन’ आले की ओळखावे. हायड्रोक्लोरोथायझाइड मिळते ‘डिउरेटिका’ या शब्दाखाली, म्हणजे लघवी वाढवून पाणी काढणारी औषधे. याच परिच्छेदात मधुमेहाच्या काही गोळ्या, मेथोट्रेक्सेट, लिथियम, रक्त गोठू न देणारी औषधे आणि स्टेरॉइडेही असतात.

पत्रक एवढेच सांगते की या जोड्यांनी मूत्रपिंडाचे काम बिघडू शकते आणि रक्तदाबाच्या गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. का, ते सांगत नाही. मूत्रपिंडात रक्त गाळले जाते ते दाबाखाली. आत येणारी रक्तवाहिनी उघडी ठेवायला शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये वापरते, आणि आयबुप्रोफेन वेदना थांबवते ते नेमकी हीच द्रव्ये तयार होऊ न देऊन. म्हणजे येणारी वाट आकसली. टेल्मिसार्टन बाहेर जाणारी वाट सैल करते, त्यामुळे आतला दाब आणखी उतरतो. त्यात लघवीच्या औषधाने अंगातले पाणीच कमी केलेले. प्रत्येक गोळी एकेकटी चालून जाते, पण तिन्ही एकत्र आल्या, त्यात दिवसभर पायपीट करून पाणी कमी प्यायले गेले, की गाळण्याचे काम मंदावते. लघवी कमी होणे, पायांवर सूज येणे, फार थकवा वाटणे ही त्याची बाहेरची चिन्हे. अनेकदा बाहेर काहीच दिसत नाही आणि बिघाड रक्ततपासणीतच कळतो.

अ‍ॅस्पिरिनची गोष्ट वेगळी. रक्तातल्या बिंबिका एकमेकींना चिकटू नयेत म्हणून ७५ मिलिग्रॅमची ती छोटी गोळी त्यांच्यातल्या एका एन्झाइमला कायमची कुलूपबंद करते. आयबुप्रोफेन त्याच जागेवर येऊन काही तास बसते. ते आधी येऊन बसले असेल तर अ‍ॅस्पिरिनला जागा मिळत नाही, आणि काही वेळात ते शरीरातून निघून जाते. मग हृदयाच्या संरक्षणासाठी घेतलेली गोळी वाया जाते आणि पोटातून रक्तस्राव होण्याचा धोका मात्र दोन्हींचा मिळून वाढतो. एखाद्या दिवशी एखादी गोळी घेतली म्हणून आभाळ कोसळत नाही, पण आठवडाभर रोज तीन घेणे ही निराळी बाब.

तेव्हा बाबांच्या बाबतीत पत्रकाचे उत्तर ‘घेऊ नका’ असे नाही आणि ‘घ्या’ असेही नाही. ते दुसऱ्या पायरीवर येतात: आधी विचारा. लेकीने बाबांच्या गोळ्यांची नावे घेऊन कोपऱ्यावरच्या अपोटेकेत जावे. लाल रंगाचे मोठे ‘ए’ अक्षर ही या दुकानांची खूण. तिथे गल्ल्यामागे उभा असलेला माणूस नुसता विक्रेता नसतो, तो शिकलेला औषधतज्ज्ञ असतो आणि गिऱ्हाइकाला सल्ला देणे हे त्याच्यावर नियमाने बंधनकारक आहे. तो कदाचित पॅरासिटामॉल सुचवील, कदाचित वरून लावायचे मलम देईल, कदाचित आधी डॉक्टरांना दाखवा म्हणेल.

आणखी एक गाठ आपल्या सामानातच असते. भारतातून निघताना बॅगेत कॉम्बिफ्लामची पट्टी टाकलेली असतेच. तिच्या एका गोळीत आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असते. सकाळी ती घ्यायची आणि दुपारी ‘इथली जर्मन गोळी’ घ्यायची, म्हणजे तेच औषध दुसऱ्यांदा घेणे. खोक्यावरचे मोठे नाव न पाहता त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेला घटक पाहिला, जर्मनमध्ये ‘विर्कश्टॉफ’, की ही गल्लत टळते.

आता तिसरा भाग, डोसाचा. इथे एक तक्ता असतो आणि त्याच्या पहिल्या रकान्यात आधी वजन, मग कंसात वय दिलेले असते. हा क्रम महत्त्वाचा आहे. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या ४०० च्या गोळीचा नेहमीचा तक्ता असा: २० ते २९ किलो (वय ६ ते ९) असेल तर एका वेळी अर्धी गोळी, दिवसभरात जास्तीत जास्त दीड. ३० ते ३९ किलो (वय १० ते ११) असेल तर एका वेळी अर्धीच, पण दिवसभरात दोनपर्यंत. ४० किलोंच्या वर, म्हणजे १२ वर्षांपुढची मुले आणि मोठी माणसे, यांना एका वेळी अर्धी ते एक आणि दिवसभरात तीन. दोन वेळांमध्ये निदान सहा तास गेले पाहिजेत.

कंसातले वय जर्मन मुलांच्या अंगलटीवरून आलेले आहे. आपला बारा वर्षांचा मुलगा ३४ किलोंचा असला तर तो वयाने शेवटच्या ओळीत बसतो, पण वजनाने मधल्या ओळीतच राहतो, आणि वजन हेच खरे मानायचे. त्याला एका वेळी अर्धी गोळी, दिवसाला दोनच्या वर नाही. शंका आली तर वजनकाट्यावर उभे करावे, अंदाज बांधू नये. मोठ्यांच्या ओळीतही ‘अर्धी ते एक’ असे लिहिले आहे, ते सगळे ‘एक’ असेच वाचतात. ४५ किलोंची सडपातळ आजी आणि ९५ किलोंचा जावई दोघेही याच ओळीत बसतात. पत्रक वर स्पष्ट म्हणते की जेवढ्याने भागेल तेवढाच कमीत कमी डोस, तोही कमीत कमी दिवस. तेव्हा आजीने, बाकी काही आड येत नसेल तर, अर्ध्यापासून सुरुवात करावी.

दिवसभरातल्या तीन गोळ्यांचा ‘दिवस’ घड्याळाच्या चोवीस तासांचा धरावा, कॅलेंडरच्या तारखेचा नव्हे. रात्री १० ला पहिली घेतली, सकाळी ६ ला दुसरी, दुपारी २ ला तिसरी. आता रात्रीचे ८ वाजले, सहा तास होऊन गेले, दुखते आहे, आणि ‘आजच्या तर दोनच झाल्या’ असे मनात येते. पण गेल्या चोवीस तासांत तीन झाल्या आहेत. पुढची १० च्या आधी नाही. सहा तासांचे अंतर आणि चोवीस तासांतली मर्यादा या दोन वेगळ्या अटी आहेत आणि दोन्ही एकदम पाळायच्या असतात. पट्टीवर पेनाने वेळ लिहून ठेवली तर तापाच्या गुंगीत हिशेब चुकत नाही.

किती दिवस, तेही लिहिलेले असते. मोठ्या माणसाने तापासाठी तीन दिवस, दुखण्यासाठी चार दिवस, मुलांना तीन दिवस. एवढ्यात उतार पडला नाही किंवा बिघडले तर डॉक्टर. औषध चौथ्या दिवशी विष होते असे नाही, पण इतके दिवस ताप राहिला तर कारण शोधायला हवे, गोळीने ते झाकले जाते.

आकडे वाचतानाचा एक सापळा निव्वळ विरामचिन्हांचा आहे. जर्मन लोक दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात आणि हजारासाठी पूर्णविराम. आपल्या नेमके उलट. पत्रकात कमाल डोस कधी ‘१.२०० मिलिग्रॅम’ असा छापलेला असतो; तो एक पूर्णांक दोन दशांश मिलिग्रॅम नव्हे, बाराशे. ‘२,५ मिलिलिटर’ म्हणजे अडीच. मुलांच्या औषधात हे विशेष जपावे लागते, कारण आयबुप्रोफेनचे पातळ औषध जर्मनीत दोन ताकदींत मिळते, दोन टक्के आणि चार टक्के. दोन टक्क्यांच्या ५ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते, चार टक्क्यांच्या तेवढ्याच औषधात २००. १२ किलोंच्या बाळाला एका वेळी १०० मिलिग्रॅम पुरते, म्हणजे पहिल्या बाटलीतून ५ मिलिलिटर आणि दुसरीतून २,५. भारतातल्या बाटलीत साधारणपणे ५ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असते. त्या सवयीने चार टक्क्यांच्या बाटलीतून ५ काढले तर डोस दुप्पट होतो. म्हणून बाटलीसोबत आलेली सिरिंजच वापरायची, भारतातून आणलेला मापाचा चमचा वापरला तरी आधी टक्के वाचायचे.

अर्धी गोळी करायची तर गोळीवर रेघ असते. तिला म्हणतात ‘ब्रुखकेर्बे’. पण रेघ दिसली म्हणून दोन सारखे डोस मिळतीलच असे नाही. सहाव्या भागात, जिथे गोळीचे रूप वर्णन केलेले असते, तिथे एक वाक्य पाहायचे. ‘गोळीचे दोन सारखे डोस करता येतात’ असे लिहिले असेल तर तोडून अर्धी द्यावी. ‘गिळायला सोपे जावे म्हणून रेघ आहे’ असे असेल तर दोन्ही तुकडे एकामागोमाग घ्यायचे असतात, अर्ध्या डोससाठी ती गोळी चालत नाही. नावात ‘रेटार्ड’ असेल तर औषध हळूहळू सुटावे म्हणून ती बनवलेली असते. अशी गोळी फोडायची असेल तर पत्रकात तशी स्पष्ट परवानगी हवी, चावायची तर कधीच नाही. बाकी, गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, आणि पोट हळवे असेल तर जेवताना. ‘न्यूश्टर्न’ हा शब्द आला तर उपाशीपोटी. आयबुप्रोफेनला तो लागत नाही, थायरॉइडच्या गोळीला मात्र हमखास लागतो. डॉक्टरांनी चिठ्ठीवर १-०-१ असे लिहिले तर ते आपल्यासारखेच: सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक. कधी चौथा आकडा असतो, तो झोपतानाचा.

चौथा भाग वाचून भल्याभल्यांची गाळण उडते. इथे शब्द रोजच्या बोलण्यातले असतात, पण अर्थ आकड्यांनी बांधलेला असतो. ‘झेअर हॉयफिश’ म्हणजे दहा जणांत एकाहून जास्त. ‘हॉयफिश’ म्हणजे दहांत एकापर्यंत. ‘गेलेगेंटलिश’ म्हणजे शंभरांत एकापर्यंत, ‘झेल्टन’ हजारांत एकापर्यंत, ‘झेअर झेल्टन’ दहा हजारांत एकापर्यंत. ‘निश्त बेकान्ट’ म्हणजे उपलब्ध माहितीवरून प्रमाण सांगता येत नाही. ते भयंकर म्हणून दडवले आहे असा त्याचा अर्थ नाही. ‘हॉयफिश’चे भाषांतर ‘वारंवार’ असे मिळते आणि माणसाला वाटते की निम्म्या लोकांना होत असणार. खरे तर शंभरांतल्या नव्वद किंवा त्याहून जास्त जणांना ते होत नाही. आपण एकटे असे चुकत नाही. जर्मन डॉक्टरांच्या नियतकालिकात २०१३ साली आलेल्या एका पाहणीत खुद्द डॉक्टर, औषधतज्ज्ञ आणि वकील यांना या शब्दांचे आकडे विचारले, तेव्हा बहुतेकांनी ते फार चढे सांगितले होते.

यादीत अजून एक उणीव आहे आणि ती मला खटकते. शंभरांतल्या पाच जणांचे पोट दुखले, असे पत्रक सांगते. पण ही गोळी न घेतलेल्या शंभरांत किती जणांचे दुखले असते, ते सांगत नाही. त्यामुळे यातले किती गोळीमुळे आणि किती एरवीचे, हे वाचकाला कळायला मार्ग नसतो.

मग या भागातून घ्यायचे काय? आयबुप्रोफेनच्या यादीत छातीतली जळजळ, मळमळ, गॅस, जुलाब हे ‘हॉयफिश’मध्ये असतात आणि बहुधा गोळी थांबवली की थांबतात. लक्षात ठेवायची ती वेगळी वाक्ये, ज्यांच्यापुढे ‘गोळी ताबडतोब बंद करा आणि लगेच डॉक्टर गाठा’ असे लिहिलेले असते. पोटाच्या वरच्या भागात असह्य कळ, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखी काळी शौच: ही आतल्या रक्तस्रावाची लक्षणे. चेहरा, जीभ किंवा घसा सुजणे, धाप लागणे, छाती धडधडणे: ही तीव्र ॲलर्जीची. अंगावर फोड, तोंडातली त्वचा सोलवटणे: ही त्वचेच्या दुर्मीळ पण घातक विकाराची. वयस्क माणसात पोटातला रक्तस्राव आधी काही न दुखताही होतो. त्यामुळे बाबांना ‘पोट दुखतंय का’ एवढे विचारून पुरत नाही, शौचाचा रंगही विचारावा लागतो. आपल्या घरात हा प्रश्न अवघडल्यासारखा वाटतो, पण विचारायचा तोच आहे. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर शौच एरवीही काळी होते, तेही डॉक्टरांना सांगावे.

साठवणुकीच्या भागात एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुदतीचा महिना लिहिलेला असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालते. पण बाटलीचे किंवा डोळ्यांच्या थेंबांचे झाकण एकदा उघडले की दुसरी, खूप छोटी मुदत सुरू होते. ती पत्रकात आठवड्यांत दिलेली असते. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहावी.

जर्मनीला निघणाऱ्या आईवडिलांनी लोणच्याच्या बरण्यांच्या आधी एक कागद तयार करावा. रोजच्या प्रत्येक गोळीतला घटक त्यावर रोमन लिपीत लिहावा, ब्रँडचे नाव नव्हे. पुढे मिलिग्रॅम, कशासाठी आणि कधी घेता ते. खाली आपले वजन, कशाची ॲलर्जी आहे, आणि मूत्रपिंडाची शेवटची रक्ततपासणी. तो कागद अपोटेकेत गल्ल्यावर ठेवला तर भाषा न येताही काम होते, कारण घटकांची नावे दोन्ही देशांत जवळपास सारखीच असतात. रात्री-अपरात्री किंवा रविवारी डॉक्टर हवा असेल पण जिवावर बेतलेले नसेल तर जर्मनीभर फोन ११६११७. रक्ताची उलटी, श्वास अडकणे, बेशुद्धी असेल तर पत्रक बाजूला ठेवून ११२.